पहाटे चार वाजून बारा मिनिटांचा बग

‘सिस्टीम चालत नाहीये, अर्जंट!’ अशी मेल तुम्हीही कधी ना कधी पाठवली असेल. किंवा तुमच्या नशिबी ती वाचणं आलं असेल. अशाच एका लांबलचक मेलमधून धड तिकीट कसं निघालं आणि ते निघायला उशीर झाल्यानं काय झालं, त्याची ही गोष्ट.

तर झालं असं की, १९ मार्च २०२५ च्या सकाळी पावणेसातला माझा मोबाईल वाजला. मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे, त्यामुळे पावणेसात म्हणजे माझी मध्यरात्रच. फोनवर ताई होत्या. ताई म्हणजे आमच्या क्लायंटच्या कॉल सेंटरमधल्या नाइट शिफ्टच्या टीम लीड. वयानं माझ्यापेक्षा फार मोठ्या नाहीत, पण फ्लोअरवर सगळे त्यांना ताईच म्हणतात, म्हणून मीही.

“अगं, आज परत तेच झालं. पोरगी साडेचारपासून पावणेसहापर्यंत गेटवर वॉचमनच्या खुर्चीत बसून होती. कॅब आलीच नाही. मी तुला गेल्या आठवड्यात एवढी मेल लिहिली होती ना?”

लिहिली होती. १३ तारखेला. मी वाचलीही होती. वाचून, ती जशीच्या तशी कॉपी-पेस्ट करून, वर ‘रात्री कॅब बुकिंग चालत नाही – अर्जंट’ असं शीर्षक देऊन तिकीट टाकलं होतं. आमच्या डेव्हलपरनं दुपारी तीन वाजता फॉर्म भरून पाहिला, तो छान चालला आणि वीस मिनिटांत तिकीट बंद! शेरा काय, तर ‘माझ्याकडे चालतंय’. या शेऱ्याला मोठी परंपरा आहे बरं का. मोझिलाचं बगझिला हे १९९८ पासूनचं बग नोंदवायचं सॉफ्टवेअर, त्यात तिकीट बंद करायचा एक अधिकृत प्रकारच `WORKSFORME` नावाचा होता.

मला वाटलं, झालं काम. सहा दिवसांनी एक मुलगी गेटवर सव्वा तास बसली. डेव्हलपरचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला दिलेल्या कागदात त्यानं पाहावं असं काहीच नव्हतं. चूक माझी होती.

मेल नव्हे, मिसळ

ताईंची मेल साधारण अशी होती :

“हॅलो, कॅबचं काहीतरी करा प्लीज. नवीन व्हर्जन आल्यापासून रात्री कॅब बुकिंग चालत नाही. म्हणजे चालतं, पण कॅब येत नाही. ‘यशस्वी’ असा मेसेजही येतो! सगळ्यांचं असं नाही, रोजच्या रोस्टरवाल्यांना बरोबर येते. मंगळवारी आम्ही पीसी रीस्टार्ट केला, त्याचं अपडेट सुरू झालं, अर्धा-पाऊण तास गेला, पण मग नीट झालं. दुसऱ्या दिवशी परत तेच. एका मुलानं शेजारच्या मशीनवरून केलं तर झालं, म्हणून मशीनचाच प्रॉब्लेम असेल असं वाटलं, पण ते मशीन दुसऱ्या रात्री चाललं नाही. मला वाटतं रात्री तुमचा सर्व्हर स्लो होतो, बॅकअप वगैरे चालू असेल. एसएमएसही उशिरा येतात. मुली घाबरतात हो, घरचे मला फोन करतात. फोटो जोडला आहे. लवकर बघा.”

आता खरं सांगा, अशी मेल आली की आपण काय करतो? ‘यूजरला काही सांगता येत नाही’ म्हणून नाक मुरडतो. मीही तेच केलं होतं. पण १९ तारखेला ऑफिसात पोचल्यावर मी मेलची प्रिंट काढली, तीन रंगांचे हायलायटर घेतले आणि एकेक वाक्य रंगवायला बसले. पिवळा म्हणजे ताईंनी डोळ्यांनी पाहिलेलं. गुलाबी म्हणजे त्यांनी लावलेला तर्क. हिरवा म्हणजे त्रास आणि काळजी.

‘सर्व्हर स्लो होतो’ गुलाबी. ‘मशीनचा प्रॉब्लेम’ गुलाबी. ‘मुली घाबरतात’ हिरवा. हिरव्याचा उपयोग पुढे होतो, तिकीट किती तातडीचं आहे ते ठरवायला. पण डेव्हलपरला बग शोधून देतो तो फक्त पिवळा. आणि गंमत म्हणजे मेलमध्ये पिवळा भरपूर होता! नवीन व्हर्जनपासून. ‘यशस्वी’ मेसेज येतो. रोस्टरवाल्यांना त्रास नाही, म्हणजे फक्त आयत्या वेळी ‘ॲड-हॉक कॅब’चा फॉर्म भरणाऱ्यांना. रीस्टार्टनंतर नीट. दुसऱ्या मशीनवर एकदा नीट, एकदा नाही.

एसएमएसचं वाक्य मात्र मी पेननं खोडलं आणि वेगळ्या कागदावर लिहिलं. तो दुसरा प्रॉब्लेम होता. एका तिकिटात दोन प्रॉब्लेम घातले की सोपा सुटतो, तिकीट बंद होतं आणि अवघड तसाच राहतो.

तीन प्रश्न, एक फोटो

मग ताईंना फोन लावला. झोपायच्या तयारीत होत्या बिचाऱ्या. मी तीनच प्रश्न विचारले. बटण दाबलं तेव्हा घड्याळात किती वाजले होते? मेसेजमध्ये शब्दशः काय होतं? आणि कॅब येणार नाही हे कळलं कसं?

‘नक्की काय प्रॉब्लेम आहे?’ हा प्रश्न मी मुद्दाम टाळला. तो विचारला की माणूस आणखी तर्क सांगतो. वेळ विचारली की माणूस आठवायला लागतो.

पहिल्या प्रश्नानंच काम झालं. ज्या तीन वेळा कॅब आली नाही, त्या साधारण दीड, सव्वाचार आणि पुन्हा सव्वाचारच्या होत्या. “आणि रीस्टार्टनंतर चाललं तेव्हा?” ताई म्हणाल्या, “सहाला पाच-दहा कमी असतील, उजाडायला लागलं होतं.” शेजारचं मशीन चाललं ते? “तेही पावणेसहाच्या आसपास. तोपर्यंत आमची भांडाभांडीच चालली होती ना!” म्हणजे रीस्टार्टनं काही सुधारलं नव्हतं आणि शेजारचं मशीनही काही वेगळं नव्हतं. दोन्ही वेळा मध्ये फक्त वेळ गेला होता.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही महत्त्वाचं. ताई ट्रान्सपोर्ट डेस्कला फोन करायच्या, तेव्हा तिकडून “आजच्या यादीत नाव नाही” असं उत्तर यायचं. म्हणजे कॅब बिघडली नव्हती, ड्रायव्हर झोपला नव्हता. नावच यादीत पोचत नव्हतं.

मग मी मेलला जोडलेली वर्ड फाइल उघडली. हो, स्क्रीनशॉट वर्डमध्ये चिकटवलेला, जगातली सगळी माणसं तसंच पाठवतात. फॉर्म भरलेला, खाली हिरव्या अक्षरात ‘आपली मागणी यशस्वीरीत्या नोंदवली आहे’. मी फोटो मोठा करून पाहिला. फॉर्मवरची ‘प्रवासाची तारीख’ : ११ मार्च २०२५. आणि ताईंनी फोटो न कापता पूर्ण स्क्रीनचा घेतला होता, त्यामुळे खाली टास्कबारचं घड्याळही आलं होतं : पहाटे ४.१२, १२ मार्च २०२५.

पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्या इनबॉक्समध्ये होता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, स्क्रीनशॉट छान दिसावा म्हणून कापू नका. कोपऱ्यातलं घड्याळ, वरचा पत्ता, सगळं येऊ द्या.

घड्याळाशी खेळ

आता स्वतः करून पाहणं आलं. त्यासाठी पहाटे चारपर्यंत जागायची गरज नव्हती. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये वेळ आपोआप घेणं बंद केलं आणि घड्याळ त्याच दिवशीच्या पहाटे ४.१२ वर नेलं. टाइम झोनला हात लावला नाही, तो भारतीयच ठेवला. वेळ मागे गेल्यानं पुन्हा लॉगिन करावं लागलं. फॉर्म उघडला आणि तारीख दिसली १८ मार्च. आज १९! मी खुर्चीतच उडाले.

पण ‘पहाटे बिघडतं’ एवढं लिहून भागत नाही. बिघडायला कधी सुरुवात होते आणि कधी थांबतं, ते सापडायला हवं. रात्री ११.५९ ला बरोबर, १२.०० ला चूक. सकाळी ६ ला बरोबर, ५ ला चूक. मग मधोमध, ५.३० ला बरोबर. एक मिनिट मागे, ५.२९ ला चूक. प्रत्येक वेळी उरलेला भाग निम्मा करत गेलं की सीमा पटकन सापडते. पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

त्यानंतरचं काम स्टेप्स कमी करायचं. माझ्या कच्च्या यादीत अकरा स्टेप्स होत्या : क्रोम उघडा, पिकअपची जागा निवडा, कारण लिहा, सबमिट करा, डेस्कची यादी पाहा वगैरे. एकेक काढून पाहिली. एज ब्राउझरमध्ये केलं, तरी चूक. जागा वेगळी निवडली, तरी चूक. आणि सबमिट न करताही, फॉर्म उघडल्या उघडल्या तारीख चुकलेलीच होती. म्हणजे पुढच्या स्टेप्सची गरजच नव्हती. अकराच्या चार झाल्या. जी स्टेप काढल्यावरही बग दिसतो, ती तिकिटात ठेवली तर डेव्हलपर तिथेच शोधत बसतो.

‘कॅब यायला हवी’ हे उत्तर नव्हे

अमेरिकन प्रोग्रामर जोएल स्पोल्स्की यांनी २००० साली बग नोंदवण्याबद्दल एक लेख लिहिला. चांगल्या बग रिपोर्टमध्ये तीन गोष्टी हव्यातच, असं त्यांचं म्हणणं : बग पुन्हा दिसेल अशा स्टेप्स, तुम्हाला काय दिसायला हवं होतं, आणि प्रत्यक्षात काय दिसलं. स्टेप्सवर आपण मेहनत घेतो, उरलेल्या दोन गोष्टी मात्र उरकून टाकतो.

मीही ‘एक्स्पेक्टेड’मध्ये आधी लिहिलं होतं, ‘कॅब यायला हवी’. पण डेव्हलपर कॅब पाठवत नाही, तो तारखेची चौकट भरतो. एक्स्पेक्टेड नेहमी शेवटच्या स्टेपनंतर त्याच स्क्रीनवर दिसणाऱ्या गोष्टीबद्दल हवं. म्हणून मी बदलून लिहिलं, ‘तारीख १९ मार्च दिसायला हवी’.

आमच्या सीनियरनं तिकिटाचा मसुदा वाचला आणि विचारलं, “१९ च कशावरून? ती मुलगी १८ च्या रात्री दहाला कामावर आली. तिची शिफ्ट १८ चीच ना? हजेरीत तर आपण १८ च धरतो.”

मी गप्प. खरंच की! हजेरीच्या हिशोबात १८ बरोबर होती. कुणी म्हणालं असतं, ‘हा बग नाहीच, असंच ठेवलंय’, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ट्रान्सपोर्ट डेस्कला फोन केला. ते म्हणाले, “आम्ही कॅलेंडरची तारीख बघतो मॅडम, शिफ्टबिफ्ट नाही. रात्री बारानंतर नवी यादी.” आता एक्स्पेक्टेडला आधार मिळाला. तो आधारही तिकिटात गेला. बग आहे की मुद्दाम तसंच केलंय, हा वाद बहुतेक वेळा याच ओळीवर होतो.

आणि ‘ॲक्च्युअल’मध्ये ‘चुकीची तारीख येते’ असं लिहायचं नाही. कोणती तारीख येते, ते लिहायचं. ‘चुकीची’ म्हटलं की उद्याची, परवाची, १९७० ची, काहीही असू शकतं. ‘एक दिवस आधीची’ म्हटलं की शोध निम्मा होतो.

शेवटी असं दिसलं तिकीट

शीर्षक : ॲड-हॉक कॅब फॉर्म – रात्री १२.०० ते पहाटे ५.२९ या वेळात ‘प्रवासाची तारीख’ एक दिवस आधीची येते

कुठे : व्हर्जन ४.२, विंडोज, क्रोम आणि एज, टाइम झोन भारतीय

स्टेप्स :
१. मशीनचं घड्याळ १९ मार्च २०२५, पहाटे ४.१२ वर न्या. टाइम झोन बदलू नका.
२. एम्प्लॉयी म्हणून लॉगिन करा.
३. ‘ॲड-हॉक कॅब’ फॉर्म उघडा.
४. ‘प्रवासाची तारीख’ पाहा.

एक्स्पेक्टेड : १९ मार्च २०२५. (ट्रान्सपोर्ट डेस्क कॅलेंडरची तारीख धरतं, शिफ्टची नाही. डेस्ककडून खात्री केली आहे.)

ॲक्च्युअल : १८ मार्च २०२५. चौकट करडी असल्यानं बदलता येत नाही.

किती वेळा : ५ पैकी ५ वेळा. ५.२९ ला चूक, ५.३० ला बरोबर. रात्री ११.५९ ला बरोबर, १२.०० ला चूक.

परिणाम : मागणी कालच्या यादीत जाते, डेस्कला दिसत नाही, कॅब निघत नाही. नवीन व्हर्जनपासून तीन वेळा घडलं. आज कर्मचारी पहाटे सव्वा तास गेटवर थांबली.

सोबत : पूर्ण स्क्रीनचा फोटो, घड्याळासह.

ताईंच्या मेलपेक्षा हे काही फार छोटं नाही. पण यातल्या प्रत्येक ओळीवर डेव्हलपरला काहीतरी करता येतं. हिरव्या रंगातली काळजीही आत आहे, फक्त ती ‘परिणाम’मध्ये जाऊन बसली. आणि सर्व्हर, बॅकअप, मशीन हे तर्क मी घातले नाहीत. तर्क द्यायचाच असेल तर तळाशी ‘माझा अंदाज’ म्हणून वेगळा द्यावा, स्टेप्समध्ये मिसळू नये.

साडेपाचचं कोडं

तिकीट टाकलं आणि दहा मिनिटांत डेव्हलपर हसत माझ्या डेस्कपाशी आला. “अगं, ५.३० लिहिलंस ना, तिथेच कळलं मला!” त्यानं घड्याळ बदलूनही पाहिलं नव्हतं. नव्या व्हर्जनमध्ये तारीख हातानं निवडण्याऐवजी आपोआप भरायची सोय केली होती, ती या ओळीनं :

```
new Date().toISOString().slice(0, 10)
```

ही ओळ आजची तारीख देते, पण जागतिक वेळेनुसार. भारताची वेळ त्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच होईपर्यंत तिथे ‘काल’च चालू! दुपारी तीनला टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. हिवाळ्यात लंडनमध्ये बसलेल्याला तर चोवीस तासांत कधीच नाही, कारण तेव्हा तिथली वेळ आणि जागतिक वेळ एकच असते. आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उलटं : रात्री आठनंतर उद्याची तारीख.

त्यानं तारीख भारतीय वेळेनुसार घेतली. मी ११.५९, १२.००, ५.२९ आणि ५.३० या चारही वेळांना पुन्हा तपासलं, शिवाय घड्याळ १ एप्रिलच्या पहाटेवर नेऊन महिना बदलतानाही पाहिलं. मगच तिकीट बंद झालं. आणि एक नवं उघडलं : कालच्या तारखेची कॅब मागितली तरी सिस्टीम ‘यशस्वी’ म्हणतेच कशी? तो वेगळा बग होता आणि माझ्या मते जास्त वाईट. त्या हिरव्या मेसेजवर विश्वास ठेवूनच तर मुली गेटवर जात होत्या.

अर्थात प्रत्येक बग असा शहाण्यासारखा वागत नाही. काही वेळा कितीही वेळा करून पाहा, दहापैकी दोनदाच दिसतो. तेव्हा स्टेप्स पक्क्या असल्याचा आव आणायचा नाही. ‘१० पैकी २ वेळा’ असंच लिहायचं आणि त्या दोन वेळांची नेमकी वेळ नोंदवायची, म्हणजे लॉगमध्ये शोधता येतं.

परवा ताईंची पुन्हा मेल आली. मी धास्तावून उघडली. चारच ओळी : “रात्री १.४० ला ‘सुट्टीचा अर्ज’ उघडला. शिल्लक रजा ६ दिसायला हव्या होत्या, एचआरच्या मेलमध्ये तेवढ्याच आहेत. दिसल्या ०. फोटो जोडला आहे, घड्याळासकट.”

खाली मात्र एक ओळ होतीच : “माझा अंदाज – सर्व्हर स्लो असणार!”